वाटीच्या खालचं दुखणं: नुसत्या आरामाने ते का जात नाही

नेटवर उडी मारून स्मॅश ठोकणाऱ्या पोराला विचारा, नेमकं कुठे दुखतं. तो गुडघ्यावरून सगळा तळहात फिरवत नाही. एक बोट वाटीच्या खालच्या टोकावर ठेवतो आणि म्हणतो, "इथं." तपासणारा फिजिओथेरपिस्ट किंवा डॉक्टर अर्धं निदान तिथेच करून मोकळा होतो.

गुडघ्याची वाटी आणि नडगीचं हाड यांना जोडणारा एक जाड, चपटा पट्टा असतो. लांबी साधारण ४ ते ५ सेंटिमीटर. हा पॅटेलर टेंडन. आपल्या शास्त्रीय भाषेत कंडरा. मांडीचे पुढचे स्नायू आवळले की ती ओढ वाटीतून या पट्ट्यात येते आणि पाय सरळ होतो. उडी मारताना आणि विशेषतः उडीवरून खाली येताना शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट ओढ या एवढ्याशा पट्ट्याला सोसावी लागते. या दुखण्याला इंग्रजीत 'जम्पर्स नी' म्हणतात आणि १९७३ पासून हे नाव वैद्यकीय लिखाणात आहे. नॉर्वेतल्या अव्वल खेळाडूंची पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात व्हॉलीबॉलपटूंपैकी सुमारे ४५ टक्के आणि बास्केटबॉलपटूंपैकी सुमारे ३२ टक्के खेळाडूंना हे दुखणं होतं. म्हणजे वरच्या पातळीवरच्या व्हॉलीबॉल संघात हे जवळपास अर्ध्या पोरांचं दुखणं आहे.

बहुतेकांना वाटतं की तिथे सूज आली आहे, ती उतरली की झालं. म्हणून बर्फ, मलम, वेदनाशामक गोळी आणि पंधरा दिवस सुट्टी. पण अशा टेंडनचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर नेहमीची सूज फारशी सापडत नाही. दिसते ती तंतूंची विस्कटलेली मांडणी. निरोगी टेंडनमध्ये कोलॅजनचे तंतू एका दिशेने, घट्ट, ओळीत असतात. दुखऱ्या टेंडनच्या वरच्या भागात, वाटीच्या टोकाला लागून, ते वाकडेतिकडे होतात, मध्ये पाणी धरून ठेवणारा पदार्थ साचतो आणि जिथे एरवी रक्तवाहिन्या तुरळक असतात तिथे नव्या बारीक वाहिन्या शिरतात. सोसण्याच्या पलीकडचा ताण पुन्हा पुन्हा आला आणि मध्ये सावरायला वेळ मिळाला नाही, की असं होतं. म्हणून आता 'टेंडिनायटिस' ऐवजी 'टेंडिनोपॅथी' म्हणतात. रिपोर्टवर 'टेंडिनोसिस' लिहिलेलं दिसलं तर तेही हेच.

एक उदाहरण घेऊ. माझ्याकडे येणाऱ्या तीन-चार मुलांच्या गोष्टी मिळून हे बनवलंय, पण यातलं काहीच विरळ नाही. वीस वर्षांचा मुलगा, वजन ६८ किलो, कॉलेजच्या संघातला मुख्य स्मॅशर. पावसाळ्यात मैदानात चिखल, त्यामुळे जून ते सप्टेंबर खेळ जवळपास बंद. दसऱ्यानंतर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांसाठी शिबिर लागलं, रोज सकाळ-संध्याकाळ सराव. त्याला उड्या मोजायला लावल्या. पावसाळ्यात आठवड्याला फार तर शंभर, शिबिरात एका दिवसात दीडशेच्या वर. तिसऱ्या आठवड्यात दुखायला लागलं.

दुखण्याची चालही ठरलेली. सरावाच्या सुरुवातीला दुखायचं, अंग तापलं की कमी व्हायचं, म्हणून तो खेळत राहायचा. खरी वसुली दुसऱ्या दिवशी सकाळी. जिना उतरताना, उकिडवं बसताना, एसटीत दोन तास पाय दुमडून बसल्यावर उठताना. रात्री झोपेत मात्र दुखत नव्हतं. गुडघ्यात पाणी नव्हतं, गुडघा अडकत नव्हता, निसटल्यासारखा होत नव्हता. हे 'नव्हतं' महत्त्वाचं आहे, कारण गुडघा फुगत असेल किंवा अडकत असेल तर गोष्ट सांध्याच्या आतली असते, गादी किंवा लिगामेंटची. दुखणं वाटीच्या मागे, पसरट, बोटाने न दाखवता येणारं असेल तर तेही बहुधा वेगळं.

आणखी एक खूण म्हणजे भार वाढला की दुखणं त्याच प्रमाणात चढतं. या मुलाला दोन्ही पायांवर बैठक मारायला सांगितली, तर दहापैकी दोन. एका पायावर, टाच वर आणि बोटं खाली अशा उतरत्या फळीवर उभं राहून गुडघा वाकवला, तर पाच. उडी मारून त्याच पायावर उतरला, तर सात. उतरत्या फळीवरची ही एका पायाची बैठक म्हणजे या दुखण्याची नेहमीची परीक्षा. टाच वर असल्यामुळे पोटरीची मदत कमी होते आणि ओढ थेट पॅटेलर टेंडनवर येते. उतार २५ अंशांचा लागतो. सुताराला सांगायचं झालं तर पाया ३० सेंटिमीटर आणि मागची उंची १४ सेंटिमीटर. ही पाचर पुढे रोज सकाळी लागणार आहे, म्हणून बनवून घेतलेली बरी.

त्याने एमआरआय आधीच काढून आणला होता आणि रिपोर्ट वाचून घाबरला होता. इथे सांगायला हवं की ज्यांना काहीही दुखत नाही अशा कित्येक व्हॉलीबॉलपटूंच्या सोनोग्राफीतही टेंडनमध्ये काळा डाग दिसतो. दुखणं पूर्ण गेल्यावरही तो डाग बऱ्याचदा तसाच राहतो. त्यामुळे फोटो पाहून 'अजून बरं झालं नाही' असं ठरवता येत नाही. निदान बोट, चाल आणि पाचर यांवर होतं. शंका असेल तिथे फोटो उपयोगी, पण दर दोन महिन्यांनी पुन्हा काढण्यात पैसे जातात, माहिती मिळत नाही.

आता मुख्य प्रश्न. त्याने एकदा तीन आठवडे पूर्ण आराम केला होता. दुखणं गेलं. मग थेट स्पर्धेत उतरला आणि दुसऱ्याच दिवशी पहिल्यापेक्षा वाईट. असं का?

कारण आरामाने टेंडनची सोसण्याची ताकद वाढत नाही, उलट घटते. टेंडनवर ओढ येते तेव्हाच त्यातल्या पेशींना तंतू मजबूत ठेवायचा इशारा मिळतो. तीन आठवडे ओढ नाही म्हणजे इशारा नाही, आणि त्याच काळात मांडीही बारीक होते. दुखणं थांबलं ते भार काढून घेतल्यामुळे. टेंडन होतं तिथेच राहिलं, किंबहुना थोडं मागे गेलं, आणि स्पर्धेतल्या उड्या मात्र तेवढ्याच.

शिवाय टेंडनची घडणच सावकाशीची. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ते फार सुंदर रीतीने दाखवलं. १९५० आणि ६० च्या दशकांत झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला होता आणि नंतर कमी होत गेला. त्यामुळे शरीरातला एखादा भाग कोणत्या वर्षांत घडला, हे त्यातल्या कार्बनवरून कळू शकतं. त्यांनी टाचेच्या मागच्या टेंडनचा गाभा तपासला, तेव्हा तो वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत घडलेला आणि नंतर जवळपास न बदललेला निघाला. वाटीखालचा टेंडन याच जातीचा. म्हणून दुखरा भाग काढून तिथे नवा कोरा टेंडन उगवेल ही आशा धरू नये. सुंभाच्या दोरीचे काही पेड सैल झाले तरी बाकीचे पेड जाड आणि घट्ट असतील तर बादली वर येते. उपचारही उरलेल्या चांगल्या भागाला भार सोसायला तयार करण्याचेच.

तयार करायचं ते मोजून भार देऊन, पायरीपायरीने. या मुलासाठी ठरवलेलं असं.

पहिले दोन-तीन आठवडे उड्या बंद, पण खेळ बंद नाही. उभ्याने सर्व्हिस, मागच्या रांगेतला बचाव, पासिंग चालू. कोचला हे पटवायला जितका वेळ जातो तितका व्यायाम शिकवायलाही जात नाही. सोबत गुडघा न हलवता, एकाच कोनात धरून ठेवायचा व्यायाम. जिममध्ये लेग एक्स्टेन्शनचं यंत्र असेल तर गुडघा सुमारे ६० अंशांत वाकवून, जड वजनावर ४५ सेकंद धरायचं, दोन मिनिटं थांबायचं, असं पाच वेळा. वजन इतकं की पन्नासाव्या सेकंदाला पाय थरथरून सुटला असता. अनेकांचं दुखणं यानंतर काही वेळ खाली येतं. २०१५ मधल्या एका छोट्या प्रयोगात हा आराम पाऊण तास टिकला होता. नंतरच्या प्रयोगांत सगळ्यांना तितका फरक पडला नाही. ज्याला पडतो त्याने सरावाआधीही करावा.

जिम नसेल तर खो-खोचा खांब चालतो. जाड, न ताणला जाणारा पट्टा, ट्रकवर माल बांधायचा असतो तसा, खांबाभोवती गुडघ्याच्या उंचीवर गुंतवायचा आणि त्याचा फास दोन्ही गुडघ्यांच्या मागे घ्यायचा. तोंड खांबाकडे. मागे रेलत बसायचं, नडग्या उभ्या सरळ राहिल्या पाहिजेत, पाठ ताठ. गुडघे ७० ते ९० अंशांत आले की तिथेच थांबायचं. पट्टा धरून ठेवतो म्हणून माणूस मागे पडत नाही आणि सगळी ओढ मांडीच्या पुढच्या स्नायूंवर येते. खांब जमिनीत पक्का आहे ना, हे आधी हलवून पाहावं. एक पोरगा खांबासकट मागे आलेला मी पाहिला आहे.

साध्या बैठकांतलं दुखणं दहापैकी तीनच्या आत आलं की दुसरी पायरी, आणि सगळ्या उपचाराचा कणा हीच. जड वजन आणि सावकाश हालचाल, दिवसाआड. लेग प्रेस किंवा खांद्यावर बार घेऊन बैठक. खाली जायला तीन सेकंद, वर यायला तीन सेकंद. आधी पंधरा वेळा जेमतेम जमेल एवढं वजन, चार सेट. पुढच्या आठवड्यांत वजन वाढवत आणि आकडा कमी करत सहापर्यंत. दोन्ही पायांवर करताना दुखरा पाय अलगद कामचुकारपणा करतो, आणि मालकाला ते कळतही नाही. म्हणून लवकरच एका पायावर यावं. हा मुलगा एका पायाने ४० किलोवर सुरू झाला. चांगला पाय त्याच वेळी ७० ढकलत होता. हा फरक त्याने स्वतः पाहिल्यावर पुढे समजावावं लागलं नाही.

सावकाश का, तर झटका टेंडनला त्रास देतो. तोच भार हळू आला तर सोसतो. आणि जड का, तर हलक्या वजनाच्या शंभर बैठकांनी मांडी दमते, पण टेंडनला पुरेशी ओढ मिळत नाही. घरच्या घरी केलेल्या 'गुडघ्याच्या व्यायामां'चं अपयश बऱ्याचदा इथेच असतं. पोरं महिनोन् महिने पाय सरळ उचलतात आणि म्हणतात व्यायाम करून पाहिला.

व्यायामात थोडं दुखलं तर चालतं, दहापैकी तीनपर्यंत. यापेक्षाही महत्त्वाची आहे दुसऱ्या दिवशीची सकाळ. उठल्यावर, पाचरीवर, एका पायाची एक बैठक, आणि आकडा वहीत. कालच्या भाराचा हिशेब टेंडन चोवीस तासांनी देतो. आकडा नेहमीचाच असेल तर काल दिलेला भार पचला. दोन-तीनने चढला तर जास्त झाला, पुढच्या वेळी एक पायरी कमी. बहुतेक चुका होतात त्या सरावाच्या वेळचं दुखणं पाहून निर्णय घेतल्यामुळे, कारण अंग तापल्यावर ते खोटं सांगतं.

सातव्या आठवड्यात याने मित्रांच्या आग्रहाखातर सिमेंटच्या कोर्टवर रात्रीची स्पर्धा खेळली, आधी वेदनाशामक गोळी घेऊन. सकाळी आकडा दोनवरून सहावर. तो समजला, सगळं मुसळ केरात. तसं नसतं. चार दिवस पुन्हा पट्टा आणि खांब, मग कमी वजनावर लेग प्रेस, दहा दिवसांत होता तिथे. अशा वेळी घाबरून महिनाभर पलंगावर पडणं हाच मोठा तोटा. गोळी घेऊन खेळल्याने मोजमापच बंद पडतं, ते वेगळं.

उड्यांकडे केव्हा जायचं? एका पायाच्या लेग प्रेसवर स्वतःच्या वजनाच्या सुमारे दीडपट, चार सेट, आठ-आठ वेळा, ही एक ढोबळ खूण वापरली जाते. या मुलासाठी म्हणजे शंभर किलोच्या आसपास. तिथे पोचायला त्याला साडेतीन महिने लागले. मग दोन पायांवर जागच्या उड्या, दहाचे तीन सेट. नंतर पुढे झेप, खोक्यावरून खाली उतरणं, शेवटी एका पायावर आणि धावत येऊन. यात नियम एकच, दर तिसऱ्या दिवशी. उडीचा दिवस, मग विश्रांती, मग जड वजन, मग पुन्हा उडी. उंच उडीपेक्षा उतरण्याने टेंडन जास्त चिडतो, म्हणून उतरताना गुडघे ताठ न ठेवता कंबर आणि गुडघे वाकवून, आवाज कमी करत उतरायला शिकवतात. संघाचा सरावही आधी दर तिसऱ्या दिवशी, मोजलेल्या उड्यांसह: वीस स्मॅश, मग तीस, मग पंचेचाळीस.

वेळेबद्दल खरं बोलायला हवं. नेदरलँड्समध्ये ७६ खेळाडूंवर झालेली तुलना २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला वर सांगितल्यासारख्या पायऱ्या, दुसऱ्याला पाचरीवर फक्त खाली जायच्या दुखऱ्या बैठका, जी तोवरची रूढ पद्धत होती. चोवीस आठवड्यांनी पायऱ्यांच्या गटाचं दुखणं जास्त कमी झालं. पण पूर्वीच्या पातळीवर खेळायला परतलेले? चांगल्या गटातही ४३ टक्के, दुसऱ्यात २७. म्हणजे उत्तम उपचार मिळूनही सहा महिन्यांनी निम्म्याहून जास्त खेळाडू अजून वाटेवरच. 'तीन आठवड्यांत मैदानात' असं कोणी सांगत असेल तर त्याने ही आकडेवारी पाहिलेली नाही. दुसरी गोष्ट अशी की हंगाम चालू ठेवून वर व्यायाम चिकटवला तर फायदा होतोच असं नाही. नॉर्वेतल्या व्हॉलीबॉलपटूंनी भर हंगामात, सराव न कमी करता त्या पाचरीवरच्या बैठका बारा आठवडे केल्या, आणि फरक पडला नाही. आधी उड्या कमी, मग व्यायाम. क्रम उलटा करता येत नाही.

इंजेक्शनचं काय, हे तर प्रत्येक पालक विचारतो. स्टेरॉइडचं इंजेक्शन लवकर गुण देतं. डेन्मार्कमधल्या २००९ च्या तुलनेत बारा आठवड्यांपर्यंत ते व्यायामाच्या बरोबरीने होतं, पण सहा महिन्यांनी इंजेक्शनवाले घसरले आणि जड, सावकाश व्यायामवाले टिकले. वर टेंडन कमकुवत होण्याची भीती. स्वतःच्या रक्तातून काढलेल्या पीआरपीचा खर्च काही हजारांत जातो. २०१९ मधल्या एका काटेकोर चाचणीत त्याचा निकाल साध्या मिठाच्या पाण्यापेक्षा सरस आला नाही. शस्त्रक्रिया अगदी शेवटी, सहा महिने नीट व्यायाम करूनही जमलं नाही तर, आणि नंतरही हाच व्यायाम असतोच. वाटीखाली बांधायच्या पट्टीने काहींना खेळताना बरं वाटतं. वाटत असेल तर बांधावी, तिच्याकडून याहून जास्त अपेक्षा नको.

दहा ते चौदा वर्षांच्या मुलांना हे सगळं जसंच्या तसं लावू नका. त्या वयात हाडाची वाढ चालू असते आणि टेंडन जिथे हाडाला चिकटतो ती कोवळी जागा दुखते. नडगीच्या वरच्या टेंगळावर दुखत असेल तर बहुधा तेच. तिथे उड्या कमी करून वाढ पुढे सरकू देणं, एवढ्यावर बरंचसं भागतं.

औषधांबाबत एक सावधगिरी. सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लिवोफ्लॉक्सासिन या कुळातल्या अँटिबायोटिक्समुळे टेंडनला इजा होऊ शकते. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ मध्येच त्यावर ठळक इशारा छापायला लावला. आपल्याकडे पोट बिघडलं की यातल्या गोळ्या चिठ्ठीशिवाय घेतल्या जातात. ज्याचा टेंडन आधीच दुखतोय त्याने डॉक्टरांना तसं सांगूनच औषध घ्यावं. आणि खेळताना गुडघ्यात फट्कन आवाज झाला, पाय सरळ उचलता येईना, वाटी वर सरकल्यासारखी दिसली, तर टेंडन तुटला असू शकतो. हे क्वचित होतं, पण झालं तर त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरकडे, कारण उशिरा केलेली जोडणी अवघड जाते.

आपला स्मॅशर सातव्या महिन्यात पूर्ण सामना खेळला. सकाळचा आकडा अजून कधी एक, कधी दोन असतो, आणि त्याला तेवढा चालतो. हंगामातही आठवड्यातून दोनदा जड लेग प्रेस सुटत नाही. सामन्याच्या आदल्या दिवशी नाही, सामन्यानंतर एक दिवस सोडून. परीक्षेच्या तीन आठवड्यांत जिम सुटली तेव्हा परतताना त्याने पहिल्या सरावात पन्नासऐवजी वीसच स्मॅश मारले, आणि वहीत पुन्हा रोजचा आकडा लिहायला लागला.